गायिकेची सहावी रात्र आणि गच्चीवरचं सोलर

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या ३९व्या कलमाखाली समजावण्यासाठी एक उदाहरण दिलं आहे. एक गायिका थिएटरच्या मॅनेजरशी करार करते. दोन महिने, आठवड्याला दोन रात्री गायचं, एका रात्रीचे १०० रुपये. सहाव्या रात्री ती मुद्दाम येत नाही. मॅनेजरला करार तिथेच संपवायची मोकळीक आहे. पण सातव्या रात्री ती आली आणि मॅनेजरने तिला गाऊ दिलं, तर मात्र त्या गैरहजेरीवरून करार मोडता येत नाही. सहाव्या रात्रीच्या नुकसानीची भरपाई तेवढी मागता येते.

आज मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी बंद पडलेल्या सोलरखाली उभे राहून कंत्राटदाराला अकराव्यांदा फोन लावतात, तेव्हा त्यांच्यापुढे त्या मॅनेजरचाच प्रश्न असतो. देखभालीचा करार संपवायचा आहे, वॉरंटीच्या तक्रारींना कोणी दाद देत नाही, आणि खजिनदारांनी मागच्याच आठवड्यात तिमाहीचं बिल सवयीने भरून टाकलं आहे. सातव्या रात्रीचं गाणं झालं.

करार संपवणं म्हणजे रागाच्या भरात पाठवलेलं एक ईमेल, असं अनेक कमिट्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या ईमेलच्या आधी काय केलं यावर पुढचे पैसे, वॉरंट्या आणि इन्व्हर्टरचा पासवर्डसुद्धा अवलंबून असतो. हे नीट कळावं म्हणून एक उदाहरण रचून पाहू. सोसायटी कल्पित आहे, पण तिच्यातले बिघाड उपनगरातल्या गच्च्यांवर नेहमी सापडणारे आहेत.

समजा, मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीने चार वर्षांपूर्वी ११ लाख रुपये खर्चून गच्चीवर १९.८ किलोवॅटचा संच बसवला. ५५० वॅटची ३६ पॅनेल. बारा-बारा पॅनेलच्या तीन माळा. यांना तंत्रज्ञ स्ट्रिंग म्हणतात, पण एकामागे एक ओवलेली ही माळच असते. पहिल्या दोन माळा इन्व्हर्टरच्या एका इनपुटला, तिसरी दुसऱ्याला. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचा बराचसा भार त्यावर चालतो. देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, वर्षाला ३६,००० रुपयांचा, दर तिमाहीला ९,००० आगाऊ. महिन्यातून दोनदा धुलाई, तिमाहीला एकदा तपासणी, आणि तक्रार आल्यावर ४८ तासांत माणूस, असं करारात लिहिलेलं.

मुंबईत वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅट पॅनेल दिवसाला ढोबळमानाने ४ युनिट देतं. जुलै-ऑगस्टात ते बरंच खाली येतं आणि मार्च ते मेमध्ये वर जातं. म्हणजे कोरड्या महिन्यांत या संचाने महिन्याला २,४०० युनिटच्या आसपास द्यायला हवेत. पावसाळा संपला, ऑक्टोबर उजाडला, ऊन लख्ख पडलं आणि ॲपवरचा आकडा १,६००च्या गतीने चालू लागला.

इथे पहिलं काम भांडणाचं नसून ओळखण्याचं आहे. उत्पादन घटण्याची सगळीच कारणं कंत्राटदाराच्या गळ्यात घालता येत नाहीत. पॅनेलवर धूळ किंवा कबुतरांची विष्ठा साचली असेल तर सगळ्या माळा थोड्या-थोड्या मंदावतात, आणि धुलाईनंतर आकडा दोन दिवसांत वर येतो. एखादी माळ तुटली असेल तर बाकीच्या माळा ठणठणीत चालतात आणि तिचा प्रवाह शून्य दिसतो. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर सुरूच होत नाही आणि दहा-साडेदहाला ऊन लागल्यावर आपोआप चालू होतो, असं होत असेल तर कुठल्यातरी वायरीच्या आवरणात किंवा जोडात पाणी शिरतं आहे. त्या वेळी इन्व्हर्टरच्या नोंदवहीत इन्सुलेशनचा एरर सापडतो. आणि भर दुपारी व्होल्टेज जास्त असल्याचं सांगून इन्व्हर्टर पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर दोष बहुधा वीज कंपनीच्या लाइनचा किंवा इमारतीतल्या वायरिंगचा असतो. अशा तक्रारीवरून एएमसी मोडायला गेलं की पहिल्याच उत्तरात सोसायटीचं म्हणणं कोसळतं.

आपल्या उदाहरणात ॲपने साफ दाखवलं की पहिला इनपुट व्यवस्थित आहे आणि दुसरा शून्यावर. एक तृतीयांश संच बंद. २,४०० चे १,६०० होण्याचा हिशोब तंतोतंत जुळला.

४ ऑक्टोबरला सेक्रेटरींनी व्हॉट्सॲप केला. उत्तर आलं, माणूस पाठवतो. महिन्याने एक मुलगा आला. तिसऱ्या माळेचा एमसी-फोर कनेक्टर, म्हणजे दोन वायरी एकमेकांत खटकन बसवणारा तो काळा प्लास्टिकचा जोड, जळून वितळला होता. मुलाने फोटो काढला आणि सांगितलं, वॉरंटीत कंपनीकडे टाकलंय. त्याच भेटीत इन्व्हर्टरचा पंखा घरघरत असल्याचंही त्याने मान्य केलं. दुपारी तापल्यावर इन्व्हर्टर स्वतःचं उत्पादन कमी करून घेत होता. त्याबद्दलही तेच उत्तर मिळालं. धुलाई दोन महिन्यांत दोनदाच झाली होती.

“कंपनीकडे टाकलंय” हे वाक्य या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. इन्व्हर्टरच्या उत्पादक कंपनीकडे दावा गेला की त्याला तिकीट क्रमांक मिळतो. तो क्रमांक कंत्राटदार देऊ शकत नसेल तर दावा गेलेलाच नाही, असं धरून चालावं. शिवाय जळालेल्या जोडाचा इन्व्हर्टर कंपनीशी काहीच संबंध नाही. दोन वेगळ्या बनावटीचे कनेक्टर एकमेकांत बसवले किंवा क्रिम्पिंग कच्चं राहिलं की जोडात रोध वाढतो, तो तापतो आणि शेवटी जळतो. हे बसवणाऱ्याच्या हातचं काम आहे.

म्हणून नोटीस लिहायच्या आधी कमिटीने टेबलावर तीन कागद वेगवेगळे ठेवायला हवेत. पहिला संच पुरवण्याचा आणि बसवण्याचा करार. बसवणुकीच्या कामाची हमी त्यात असते, उदाहरणात पाच वर्षांची. दुसरा उत्पादकांच्या वॉरंट्यांचा. पॅनेलची वस्तू म्हणून साधारण १० ते १२ वर्षांची आणि उत्पादनक्षमतेची २५ वर्षांची, इन्व्हर्टरची बहुधा ५ ते १० वर्षांची. तिसरा कागद एएमसीचा. उदाहरणातल्या तीन तक्रारी या तीन कागदांत एकेक वाटल्या जातात. जळालेला जोड पहिल्यात, पंखा दुसऱ्यात, चुकलेली धुलाई आणि ४८ तासांचा मोडलेला शब्द तिसऱ्यात.

हे वाटप केलं नाही तर काय होतं? कमिटी रागाने लिहिते, “आपल्याशी असलेले सर्व करार रद्द करण्यात येत आहेत.” या एका वाक्याने बसवणुकीच्या हमीचं उरलेलं वर्षही सोसायटीने आपणहून सोडलं, असा बचाव समोरच्याला मिळतो. संपवायचा आहे तो फक्त तिसरा कागद. पहिला जिवंत ठेवून त्यावर दावा लावायचा, आणि दुसऱ्यासाठी थेट उत्पादकाकडे जायचं. इन्व्हर्टरवरच्या पट्टीचा अनुक्रमांक, खरेदीचं बिल, संच सुरू झाल्याची तारीख आणि एररचे फोटो एवढ्यावर अनेक उत्पादक ग्राहकाची तक्रार थेट नोंदवतात. पॅनेलच्या २५ वर्षांच्या हमीबद्दल मात्र फार आशा धरू नये. क्षमता घटली हे ॲपच्या आलेखावरून सिद्ध होत नाही, त्याला पॅनेलची ठरावीक पद्धतीने चाचणी लागते, आणि तिचा खर्च बहुधा आधी ग्राहकालाच करावा लागतो.

ज्यांचा संच ‘पीएम सूर्य घर: मोफत वीज योजने’तून अनुदान घेऊन बसला आहे त्यांनी इथे थांबून विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराच्या संचाला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि बसवणाऱ्याने संच सुरू झाल्यापासून पाच वर्षं सर्वंकष देखभाल करायची अट आहे. त्या पाच वर्षांची किंमत संचाच्या दरातच आलेली असते. ती देखभाल स्वतःहून संपवणं म्हणजे भरलेले पैसे सोडून देणं. अशा वेळी योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, १५५५५ या हेल्पलाइनवर आणि वीज कंपनीच्या सोलर कक्षाकडे लेखी तक्रार आधी करावी. नोंदणीकृत विक्रेत्याला यादीत टिकून राहायचं असतं, त्यामुळे तिथे त्याच्यावर जो दबाव येतो तो खासगी नोटिशीने येत नाही.

वीज कंपनी म्हटली की उपनगरात आणखी एक गोंधळ होतो. मुलुंडला महावितरण, अंधेरी-बोरिवली-घाटकोपरला मुख्यतः अदानी इलेक्ट्रिसिटी, आणि काही ठिकाणी टाटा पॉवर. बिलावर ज्यांचं नाव त्यांच्याकडे जायचं, हे ठीक. पण जायचं कशासाठी? नेट मीटरचा करार सोसायटी आणि वीज कंपनी यांच्यातला आहे. मीटर चुकीचा चालत असेल किंवा ग्रिडला दिलेले युनिट बिलात वळते होत नसतील, तर ती वीज कंपनीची जबाबदारी. खासगी पैशाने घेतलेल्या संचाचा इन्व्हर्टर चालत नसेल तर तिथे रांग लावून उपयोग नाही. आणि याची दुसरी बाजू अनेकांना दिलासा देणारी आहे: एएमसी संपवल्याने नेट मीटरिंगला धक्का लागत नाही, कारण त्या करारात कंत्राटदार पक्षकारच नसतो.

आता उदाहरणातली चूक. १ जानेवारीला तिमाहीचं ९,००० रुपयांचं बिल आलं आणि खजिनदारांनी ते भरलं. करार पुढे चालू ठेवायला सोसायटी राजी आहे, असं या वागण्यातून दिसतं. कलम ३९ची हीच मेख आहे. शब्दांनी किंवा वागण्याने दाखवलेली संमती करार मोडण्याचा हक्क काढून घेते. याच कलमाची आणखी एक कडक बाजू आहे. समोरच्याने आपलं वचन संपूर्णपणे नाकारलेलं असावं लागतं. न्यायालयं याचा अर्थ कराराच्या मुळाशी जाणारा भंग असा लावतात. एखादी धुलाई चुकली, एखादा फोन उचलला नाही, एवढ्यावर करार मोडला तर उलट सोसायटीच करार मोडणारी ठरू शकते.

मार्ग बंद झालेला नाही, फक्त घड्याळ नव्याने लावावं लागतं. ते लावण्याचं साधन म्हणजे दुरुस्तीची मुदत देणारी नोटीस. बहुतेक एएमसीमध्ये त्यासाठी कलम असतंच. उदाहरणातल्या करारात लिहिलं आहे की दोष लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत दूर झाला नाही तर ३० दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येईल. असं कलम असेल तर ३९व्या कलमाच्या वादात शिरायचीही फारशी गरज उरत नाही. कराराने दिलेल्या दारातूनच बाहेर पडता येतं, मात्र त्या दाराच्या पायऱ्या एकही न गाळता उतराव्या लागतात.

कमिटीच्या सभेत ठराव झाला, कोणाच्या सहीने पत्र जाईल ते त्यात लिहिलं गेलं, आणि १२ जानेवारीला नोटीस गेली. तिचा मजकूर साधारण असा:

“आपण बसवलेल्या संचाची तिसरी स्ट्रिंग ४ ऑक्टोबरपासून बंद आहे. इन्व्हर्टरचा पंखा सदोष असल्याचे आपल्या तंत्रज्ञाने नोव्हेंबरच्या भेटीत मान्य केले आहे. ऑक्टोबरपासून आजपर्यंत करारानुसार सहा धुलाया होणे आवश्यक असताना दोन झाल्या. जोडाची दुरुस्ती बसवणुकीच्या हमीखाली व इन्व्हर्टरचा दावा उत्पादकाकडे नोंदवून त्याचा क्रमांक २७ जानेवारीपर्यंत कळवावा. तसे न झाल्यास एएमसी कलमानुसार संपवण्यात येईल, आणि परवानाधारक ठेकेदाराकडून दुरुस्ती करून तिचा खर्च आपल्याकडून वसूल केला जाईल. १ जानेवारीच्या बिलाचा भरणा हा वरील दोषांबाबतचे हक्क सोडून दिल्याचा समजू नये. बसवणुकीची हमी व उत्पादकांच्या वॉरंट्या या नोटिशीने बाधित होत नाहीत.”

शेवटची दोन वाक्यं सर्वांत महत्त्वाची. पहिल्याने सातव्या रात्रीची चूक शक्य तेवढी सावरली, दुसऱ्याने तिसरा कागद पहिल्या दोनांपासून वेगळा केला. नोटीस करारात लिहिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर पाठवायची, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. व्हॉट्सॲप ही आठवण, नोटीस नव्हे. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आलं तर ते फोडायचं नाही, तसंच जपून ठेवायचं. बंद पाकिटावरचा तो शेरा हा पुरावा असतो.

२७ तारीख गेली. कंत्राटदाराकडून एक ओळ आली, पार्ट उपलब्ध नाही. २९ जानेवारीला दुसरं पत्र गेलं: मुदतीत दोष दूर झाला नाही, सबब करार २८ फेब्रुवारीला संपेल. त्यातच ५ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता संयुक्त पाहणीसाठी बोलावलं.

ही पाहणी बहुतेक सोसायट्या टाळतात आणि पुढे पस्तावतात. दुसऱ्या माणसाने संचाला हात लावला की कंत्राटदार म्हणतो, आता हमी संपली, बिघाड तुम्हीच केला. म्हणून हात लावायच्या आधी जसं आहे तसं नोंदवून ठेवायचं. आला तर त्याच्यासमोर, नाही आला तर नोटिशीच्या आधारे त्याच्या गैरहजेरीत. नव्या तंत्रज्ञाने प्रत्येक माळेचं व्होल्टेज आणि प्रवाह, वायरींचा इन्सुलेशन रोध, अर्थिंगचा रोध आणि सर्ज संरक्षकाची खिडकी हिरवी आहे की लाल, एवढं लिहून घेतलं. जळालेला जोड जागेवर असताना त्याचे फोटो, मग काढून पिशवीत घालून तारखेचं लेबल. शक्य असेल तर थर्मल कॅमेऱ्याने बाकीचे जोडही पाहावेत, कारण एक कच्चा असेल तर त्याच हाताने बसवलेले इतरही संशयित असतात.

हे काम सेक्रेटरींनी स्वतः करू नये. इन्व्हर्टर बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनेलच्या माळेत शेकडो व्होल्टचा डीसी दाब असतो. प्रवाह चालू असताना एमसी-फोर जोड ओढून काढला तर ठिणगी तुटत नाही, ती कमान होऊन जळत राहते. कंत्राटदार सापडत नाही म्हणून वॉचमनला गच्चीवर पाठवणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोकादायक शॉर्टकट आहे.

१० फेब्रुवारीला जोड बदलला आणि तिसरी माळ चालू झाली. खर्च २,५०० रुपये. लगेच दुरुस्ती करून घेण्यामागे फक्त विजेची घाई नव्हती. करार कायद्याच्या ७३व्या कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की नुकसान मोजताना ते टाळण्याची कोणती साधनं हाताशी होती हेही पाहिलं जाईल. अडीच हजारांचा जोड न बदलता वर्षभर युनिट मोजत बसलेल्या सोसायटीला वर्षभराची भरपाई मिळणं कठीण.

आता पैसे. ४ ऑक्टोबर ते १० फेब्रुवारी म्हणजे १२९ दिवस. बंद माळ ६.६ किलोवॅटची, दिवसाला सुमारे २६ युनिट, एकूण ३,४०० युनिटच्या आसपास. सोसायटीच्या बिलात युनिटला १० रुपये पडतात असं धरलं तर ३४,००० रुपये. त्यात दुरुस्तीचे २,५००, न वापरलेल्या मार्च महिन्याचे ३,००० आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत न झालेल्या आठ धुलायांचे, करारात धुलाईला ५०० रुपये दर लिहिला असेल तर, ४,०००. बेरीज ४३,५००. करार रास्तपणे संपवणाऱ्याला भरपाई मागता येते, असं ७५वं कलम सांगतं. तिथेही उदाहरण त्याच गायिकेचं आहे.

पण एएमसीच्या बारीक अक्षरांत बहुधा एक कलम दडलेलं असतं: आमची जबाबदारी वर्षाच्या फीपेक्षा जास्त असणार नाही. म्हणजे ३६,०००. तीन कागद वेगळे ठेवण्याचा फायदा इथे रोख रकमेत दिसतो. जोड जळाल्याने झालेलं ३६,५०० रुपयांचं नुकसान बसवणुकीच्या हमीखालचं आहे, एएमसीची मर्यादा त्याला लागू होत नाही. एएमसीखाली उरतात फक्त ७,०००. सगळं एकाच पत्रात एएमसीच्या नावाने मागितलं असतं तर मर्यादेची कात्री सोसायटीने स्वतःच हातात दिली असती.

थकलेलं बिल असेल तर ते आपोआप वळतं करून घ्यावं का? इथे जपून. कंत्राटदार उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योजक असू शकतो, आणि २००६च्या एमएसएमई कायद्यात थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. मात्र त्याच कायद्यात सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईपर्यंत सेवा स्वीकारल्याचा दिवस पुढे ढकलला जातो, अशीही तरतूद आहे. म्हणून दर बिलासोबत, दर अर्धवट भेटीनंतर, दोन ओळींचं हरकतीचं ईमेल त्याच आठवड्यात जायला हवं. तीन महिन्यांनी एकदम काढलेली यादी या कामी येत नाही.

पैशाइतकंच अडून बसतं ते ॲप. संच बसवताना इन्व्हर्टरचं क्लाउड खातं कंत्राटदार स्वतःच्या लॉगिनखाली उघडतो आणि सोसायटीला फक्त पाहण्याचा अधिकार देतो. संबंध बिघडले की तो अधिकारही जातो, आणि नेमका पुरावा असलेला इतिहास हाताबाहेर राहतो. म्हणून पहिली नोटीस जायच्या आधीच दर महिन्याचे, शक्य तर दर दिवसाचे अहवाल डाउनलोड करून ठेवावेत. नंतर खात्याची मालकी लेखी मागावी. नाही दिली तर इन्व्हर्टर उत्पादकाच्या सेवा विभागाला खरेदीचं बिल, अनुक्रमांकाचा फोटो आणि सोसायटीच्या लेटरहेडवरचं पत्र पाठवून मालकी बदलून मागता येते. सिंगल लाइन डायग्राम, पॅनेलच्या फ्लॅश टेस्टचे अहवाल आणि त्यांचे अनुक्रमांक, वॉरंटी कार्डं, पेटीच्या किल्ल्या यांची यादी करून ती मागणी दुसऱ्याच पत्रात घालावी.

एवढ्यावरही पैसे आले नाहीत तर ग्राहक आयोग. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे, आणि २०१९च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. कंत्राटदाराचं ऑफिस पुण्यात किंवा अहमदाबादेत असलं तरी. सहकारी सोसायटी या कायद्यातल्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे. ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि १० ते २० लाखांना ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणजे “बघतो, करतो” ऐकत घालवलेला प्रत्येक महिना या दोन वर्षांतून वजा होतो. पंख्याचं प्रकरण सुटलं नसेल तर इन्व्हर्टर उत्पादकालाही त्याच तक्रारीत सामनेवाला करावं.

कंत्राटदाराचा वकील दोन आक्षेप घेईल असं धरून चालावं. पहिला, सोसायटी ग्रिडला वीज देते म्हणजे वापर व्यापारी आहे. यावर मुंबईचाच एक निकाल उपयोगी पडतो. लीलावती रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टने परिचारिकांच्या राहण्यासाठी सदनिका घेतल्या होत्या आणि बिल्डरविरुद्ध तक्रार केली होती. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रस्टला ग्राहक मानलं. व्यवहाराचा प्रमुख हेतू नफा कमावण्याशी थेट जोडलेला आहे का, हे पाहायचं, असं न्यायालयाने सांगितलं. स्वतःच्या लिफ्ट-पंपांसाठी लावलेल्या संचाला हा युक्तिवाद चांगला बसतो. दुसरा आक्षेप, करारात लवादाचं कलम आहे. डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही.

हे सगळं ज्या सोसायटीने पॅनेल विकत घेतली तिच्यासाठी. कंपनीने आपल्या खर्चाने संच लावला आणि सोसायटी फक्त युनिटचे पैसे देते, अशा करारात मात्र पॅनेल कंपनीचीच असतात. तिथे करार मुदतीआधी संपवला की संच विकत घेण्याची ठरलेली रक्कम अंगावर येते. त्यामुळे त्या कराराचं परिशिष्ट उघडून कोणत्या वर्षी किती रक्कम लिहिली आहे हे पाहिल्याशिवाय नोटिशीचा मसुदाही करू नये.

उदाहरणातल्या सोसायटीकडे १ मार्चला नवा ठेकेदार रुजू झाला. करार सहीला आला तेव्हा कमिटीने त्यात तीन बदल करून घेतले. तिमाहीचे पैसे आगाऊ न देता तिमाही संपल्यावर द्यायचे. प्रत्येक वॉरंटी दाव्याचा तिकीट क्रमांक सात दिवसांत सोसायटीला कळवायचा. आणि इन्व्हर्टरच्या खात्याची मालकी सोसायटीच्या ईमेलवर राहील, ठेकेदाराला त्यात फक्त तंत्रज्ञाचा प्रवेश मिळेल. ५ फेब्रुवारीच्या पाहणीचा अहवाल नव्या कराराला जोडला गेला. जुन्या कंत्राटदाराच्या बसवणुकीच्या हमीचे तेव्हा अजून काही महिने बाकी होते, आणि तिची शेवटची तारीख सेक्रेटरींनी ऑफिसातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली.